यूपीएस असतानाही संगणक पुन्हा सुरू का होतो

तालुक्याच्या गावी माझ्या परिचयातील एका गृहस्थांचे डीटीपीचे छोटे दुकान आहे. भिंतीपलीकडे पिठाची गिरणी आहे. गिरणीची मोटर सुरू झाली की दुकानातला जुना बल्ब क्षणभर मंद होतो, टेबलाखालच्या यूपीएसमधून ‘टक्’ असा आवाज येतो आणि पुष्कळदा त्याच क्षणी संगणक काळा पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पंखा फिरत असतो, मॉनिटरचा दिवाही लागलेला असतो. यूपीएस बदलून पाहिला, तरीही फरक पडला नाही, तेव्हा त्यांनी मला बोलावले.

लाइट गेलेली नसताना संगणक बंद का पडतो, हे समजण्यासाठी त्याच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे मागच्या बाजूने वीज घेणाऱ्या लोखंडी डब्यात काय चालते ते पाहावे लागेल. आपल्याकडचा 230 व्होल्टचा प्रवाह सेकंदाला 50 वेळा वरखाली होतो आणि त्याची लाट शिखरावर असते तेव्हा दाब सुमारे 325 व्होल्ट असतो. साध्या, स्वस्त एसएमपीएसमध्ये दोन मोठे कपॅसिटर या शिखरावर भरले जातात आणि दोन शिखरांच्या मधल्या काळात संगणकाला त्यांच्यातल्या साठ्यातून वीज मिळत राहते. पाणीपुरवठा अधूनमधून होतो पण नळ सतत चालतो, ते गच्चीवरच्या टाकीमुळे. येथे टाकीचे काम कपॅसिटर करतात.

एसएमपीएसमधून मदरबोर्डकडे एक स्वतंत्र तारही जाते. ‘सर्व दाब ठीक आहेत’ एवढाच निरोप ती देत असते. टाकी तळाला जाऊ लागली की हा निरोप थांबतो आणि मदरबोर्ड ताबडतोब सर्व काम थांबवून संगणक नव्याने सुरू करतो, कारण अपुऱ्या दाबावर प्रोसेसर चालू ठेवला तर चुकीची माहिती डिस्कवर लिहिली जाऊ शकते. अचानक होणारे ते रीस्टार्ट म्हणजे खरे तर मदरबोर्डने घेतलेली खबरदारी असते. मॉनिटरला मात्र वीज फार थोडी लागते, म्हणून त्याचा साठा जास्त वेळ टिकतो.

आता दुकानातल्या संगणकाचा ढोबळ हिशेब करू. मोठी पीडीएफ तयार होत असताना तो सुमारे 180 वॉट खेचत होता. दोन कपॅसिटरांची एकत्रित क्षमता 340 मायक्रोफॅरड धरली, तर 325 व्होल्टला त्यांत सुमारे 18 ज्यूल ऊर्जा मावते. कपॅसिटरवरचा दाब 230 व्होल्टच्या खाली गेला की हा एसएमपीएस काम सोडतो असे मानू. त्या वेळी 9 ज्यूल आत उरतात, पण ते उपयोगाचे नसतात. म्हणजे वापरायला 9 ज्यूल मिळाले आणि 180 वॉटला ते 50 मिलिसेकंद पुरतात. लाटेचे एक पूर्ण आवर्तन 20 मिलिसेकंदांचे असते, तेव्हा हा साठा भरपूर म्हणायचा. पण गिरणीची मोटर सुरू होताना वीजदाब 180 व्होल्टवर येतो. मग शिखर साधारण 255 व्होल्टचे होते, साठा 11 ज्यूलवर येतो आणि वापरायला फक्त 2 ज्यूल उरतात. ते 11 मिलिसेकंदांत संपतात. दाब पाचव्या हिश्श्याने कमी झाला, पण हाताशी असलेला वेळ जवळजवळ पाचव्या हिश्श्यावर आला! कारण कपॅसिटरमधली ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते आणि तळाचा भाग तर वापरताच येत नाही.

यात वयाची भर पडते. या कपॅसिटरांमधील द्रव उष्णतेने वर्षानुवर्षे आटत जातो आणि त्यांची क्षमता कमी होते. समजा ती 60 टक्क्यांवर आली, तर 180 व्होल्टला हाताशी 7 मिलिसेकंदही राहत नाहीत. घरगुती यूपीएसमधला रिले, म्हणजे आपोआप हलणारा स्विच, वीजदाब वाढवून देण्यासाठी किंवा बॅटरीवर जाण्यासाठी जागा बदलतो, त्या ‘टक्’मध्ये साधारण 4 ते 10 मिलिसेकंद वीजप्रवाह तुटतो. नव्या एसएमपीएसला ही फट जाणवतही नाही, थकलेल्याला मात्र ती पार करता येत नाही. वीज सर्वांत अशक्त असते नेमक्या त्याच वेळी रिले हलतो, हे या सगळ्यातले मर्म आहे.

अर्थात दोष यूपीएसच्या बॅटरीतही असू शकतो, आणि नवे काही विकत घेण्याआधी त्याची शहानिशा करायला हवी. आम्ही संगणकाच्या जागी 100 वॉटचे दोन जुन्या पद्धतीचे, तारेचे बल्ब यूपीएसला लावले आणि भिंतीवरचे बटण बंद केले. एलईडी दिवा येथे उपयोगी नाही, कारण तो इतकी कमी वीज घेतो की निकामी बॅटरीही त्याला पेलते. बल्ब लगेच विझले असते तर बॅटरी गेली असे ठरले असते. ते कित्येक मिनिटे स्थिर जळत राहिले, त्यामुळे बोट एसएमपीएसकडे वळले. चाचणी करताना यूपीएसची पिन सॉकेटमधून उपसू नये, कारण मग अर्थिंगही तुटते.

चौकशी केल्यावर आणखी दोन खुणा कळल्या. थंडीत सकाळी पहिल्यांदा बटण दाबले की पंखा जेमतेम हलून थांबे आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात संगणक सुरू होई. शिवाय गिरणी बंद असतानाही, मोठी फाइल तयार होताना तो दोनदा रीस्टार्ट झाला होता. वीज स्थिर असताना केवळ कामाचा भार वाढल्याने असे होणे हे अतितापाचेही लक्षण असू शकते, पण गार सकाळच्या अडखळण्यासोबत ते दिसले की संशय एसएमपीएसवरच बळावतो. विंडोजच्या Event Viewer मध्ये दिसणारी `Kernel-Power 41` ही नोंद पुरावा मानू नये. संगणक नीट बंद न होता थांबला, एवढेच ती सांगते. मल्टिमीटरने पिवळ्या व काळ्या तारेमधला दाब 11.4 ते 12.6 व्होल्टच्या बाहेर आढळला तर दोष नक्की, मात्र तो मर्यादेत आढळला म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही, कारण मिलिसेकंदांचे चढउतार मल्टिमीटरला दिसत नाहीत. डबा उघडून पाहण्याचा मोह कृपया टाळावा. वायर काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरवर 300 व्होल्टच्या आसपास दाब काही काळ राहू शकतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो.

एसएमपीएस बदलला आणि गिरणीचा त्रास थांबला. त्याच भेटीत आम्ही यूपीएसच्या मागे लावलेला लेझर प्रिंटर काढून थेट भिंतीवरच्या सॉकेटला जोडला. बाजारात 600 व्हीए म्हणून मिळणारा यूपीएस पुष्कळदा 360 वॉटच पेलतो आणि लेझर प्रिंटरचा तापणारा रोलर एकटाच त्याहून जास्त खेचू शकतो. यूपीएसवर सीपीयू, मॉनिटर आणि हवे तर राउटर, एवढेच असावे. आतली 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर 84 वॉट-तासांची असली तरी जोरात रिकामी करताना बरीच कमी वीज देते, म्हणून त्या दुकानातल्या भाराला दहा मिनिटांहून अधिक वेळ गृहीत धरू नये. तो वेळ फाइल सेव्ह करून संगणक रीतसर बंद करण्यासाठी आहे. लाइट नसताना काम पुढे रेटत बॅटरी वारंवार तळापर्यंत नेली तर तिचे दोन-तीन वर्षांचे आयुष्यही पुरे होत नाही. दुकानमालकांनी आता बॅटरी बसवल्याची तारीख यूपीएसवर स्केचपेनने लिहून ठेवली आहे आणि दोन बल्बांची चाचणी ते दर तीन महिन्यांनी करतात.