दातांवरून वय: गिरणीतल्या मुलांपासून ओपीजीपर्यंत

1833 च्या कारखाना कायद्याने ब्रिटनच्या कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली. पण इंग्लंडमध्ये नागरी जन्मनोंदणी सुरू झाली ती 1837 साली, त्यामुळे मूल नऊ वर्षांचे आहे की नाही हे ठरवायचे कसे, असा प्रश्न होता. उंचीचे माप लावले जाई, आणि उपासमारीने खुंटलेल्या किंवा अंगाने थोराड मुलांच्या बाबतीत ते हमखास फसे. एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने 1837 साली पार्लमेंटपुढे दातांची कसोटी मांडली. त्याने तपासलेल्या नऊ वर्षांच्या 708 मुलांपैकी 389 मुलांचे वय या कसोटीने नेमके निघाले. तोंडाच्या एका बाजूचा दात आला असल्यास त्याचा जोडीदारही आलेला धरावा, अशी सवलत दिल्यावर ही संख्या 530 झाली, आणि उरलेल्या 178 मुलांतही चूक एका वर्षापलीकडे गेली नाही. ती चूकही वय कमी भरण्याची होती, म्हणजे मुलाला गिरणीबाहेर ठेवणारी. गिरणीमालकांना ती कितपत रुचली असेल, याची कल्पना करता येते.

या कसोटीचा कमकुवतपणा मात्र तिच्या पायातच होता. दात हिरडीबाहेर येणे हा एक क्षण असतो आणि त्यावर स्थानिक कारणांचा फार परिणाम होतो. समजा, एका मुलीची दुधाची दाढ किडल्यामुळे लवकर काढावी लागली, मागची दाढ पुढे सरकली आणि तिथली उपदाढ अडकून बसली. बारा वर्षांची ही मुलगी तोंडात पाहणाऱ्याला दहाची वाटू शकेल. क्ष-किरण चित्रात मात्र त्याच उपदाढेचे मूळ वयानुसार वाढलेले दिसते, कारण जागा नसली तरी मुळाची वाढ बहुधा चालूच राहते.

म्हणूनच विसाव्या शतकात लक्ष दात येण्याकडून दात घडण्याकडे वळले. 1973 मध्ये डेमिर्जियन, गोल्डस्टाइन आणि टॅनर यांनी फ्रेंच-कॅनेडियन मुलांच्या ओपीजीवरून, म्हणजे दोन्ही जबडे एकत्र दाखवणाऱ्या क्ष-किरण चित्रांवरून, खालच्या जबड्यातील डाव्या बाजूच्या सात दातांसाठी ए ते एच अशा आठ अवस्था ठरवल्या. त्यात दाताच्या टोकाशी पहिले कठीण ठिपके दिसणे ही आरंभीची आणि मुळाचे टोक पूर्ण बंद होणे ही शेवटची अवस्था. प्रत्येक दाताला अवस्थेनुसार गुण द्यायचे, त्यांची बेरीज करायची आणि मुलगा व मुलगी यांच्या वेगळ्या तक्त्यांतून वय काढायचे. मुळाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजावी लागत नाही, आकार ओळखला की पुरे, त्यामुळे चित्र थोडे लांबट आले तरी बिघडत नाही.

पुढे भारतासह अनेक देशांत हे तक्ते लावले, तेव्हा वय बऱ्याचदा खरे असेल त्याहून जास्त निघाले. म्हणजे सॉन्डर्सच्या उलट दिशेची चूक, आणि कायद्याच्या वयोमर्यादेजवळ ती अल्पवयीन मुलाच्या अंगावर येऊ शकते. त्यामुळे भारतीय मुलांसाठी वेगळी सूत्रे तयार करण्यात आली. साधारण सोळाव्या वर्षानंतर मात्र हे सातही दात पूर्ण झालेले असतात, आणि उरते ती केवळ अक्कलदाढ, जी कित्येकांना मुळी येतच नाही.