‘चला रं दादा, चला गं ताई’ : एका मतदानगीताची पार्श्वभूमी

ठाण्यात आणि नवी मुंबईत गेल्या काही निवडणुकांत पथनाट्याच्या सुरुवातीला हे गाणं ऐकू आलं. डफ आणि टाळ्यांच्या ठेक्यावर दहा-बारा मुलं गोल धरतात आणि धृपद उचलतात:

चला रं दादा, चला गं ताई, मत देऊया सकाळी
शाई बोटाला लागली की मग मिसळ तलावपाळी!

कोळीवाड्यात त्याचं ‘चल गो बाय’ होतं. गाणं आज साधंसोपं वाटतं. पण त्यातून काय काय काढून टाकलं गेलं हे कळल्याशिवाय ते असं का झालं ते कळत नाही.

जुना इतिहास थोडक्यात सांगतो. भारूड, सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली कलापथकं या परंपरेत पुढे सत्तर-ऐंशीच्या दशकांत पथनाट्य आलं. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. गाणारा उघडपणे एका बाजूचा असायचा आणि त्याला त्याचा अभिमान असायचा. १ जानेवारी १९८९ ला दिल्लीजवळ साहिबाबादमध्ये पथनाट्य सुरू असताना हल्ला झाला आणि त्यात सफदर हाश्मी या तरुण रंगकर्मीचा जीव गेला. ते नाटकही नगरपालिकेच्या निवडणुकीच्या धामधुमीतच होत होतं. त्यांचा वाढदिवस, १२ एप्रिल, हा आता पथनाट्य दिवस म्हणून पाळला जातो. थोडक्यात, ‘कुणाचीच बाजू घेऊ नका, फक्त मतदान करा’ असं सांगणारं पथनाट्य ही या परंपरेतली नवी गोष्ट आहे. २००९ पासून केंद्रीय निवडणूक आयोगाने मतदार जागृतीचा कार्यक्रम हाती घेतला आणि २०११ पासून २५ जानेवारी हा मतदार दिवस झाला. त्यानंतर महाविद्यालयांच्या पथकांना या कामासाठी बोलावणी येऊ लागली. पथकं बाजू घेऊन गाण्याच्या वळणात तयार झालेली, आणि काम मात्र बाजू न घेण्याचं. पुढची सगळी ओढाताण इथून सुरू होते.

पहिली कात्री लागली ती निवडणूक चिन्हांमुळे. मराठी लोकगीतातले हुकमी शब्द आठवून बघा: तुतारी, मशाल, कमळ, धनुष्य, हातात हात. यातला एकही शब्द आता निःपक्ष गाण्यात चालत नाही. या गाण्याच्या जुन्या खर्ड्यात ‘पेटव मशाल, चल उचल पाऊल’ अशी ओळ होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये मशाल हे एका पक्षाचं चिन्ह झालं आणि ओळ गेली. तिच्या जागी ‘तुतारी वाजली, रांग लागली’ आलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तुतारी वाजवणारा माणूस दुसऱ्या एका पक्षाला मिळाला आणि तीही ओळ गेली. ठाण्याच्या गाण्यात रेल्वे यायलाच हवी, कारण १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी ठाण्यालाच आली होती. पण ‘इंजिन’ म्हणायची सोय नाही. म्हणून कडव्यात लोकल आली, आणि ती डब्यांसकट आली, इंजिनाविना.

शब्दांइतकंच हातवाऱ्यांकडेही बघावं लागतं. रिंगणात उभा असलेला नट प्रेक्षकांना बोलावताना सहज पंजा उघडतो. कोणीतरी नेमका तोच फोटो काढतो. म्हणून तालमीत तर्जनी वर करायची सवय लावली जाते. महापालिकेच्या निवडणुकीत आणखी एक अडचण येते. अपक्षांना मिळणारी शिट्टी, छत्री, कपबशी ही चिन्हं उमेदवारी मागे घेण्याची मुदत संपल्यावरच वाटली जातात, म्हणजे मतदानाच्या जेमतेम दोन आठवडे आधी. गर्दी जमवायला शिट्टी वाजवणाऱ्या पथकाला त्या प्रभागात कुणाला शिट्टी मिळाली आहे का, हे पाहूनच उतरावं लागतं.

खरा वाद मात्र खड्ड्यावरून झाला.

पहिल्या रूपात गाण्याचं मधलं कडवं असं होतं:

रस्त्यात खड्डा, खड्ड्यात पाणी, नळाला पाणी नाही
वर्षभर नुसता बोलतोस राजा, मत तेवढं देत नाही!

चौकात हे कडवं फार चालायचं. लोक हसायचे, माना डोलवायचे. घोडबंदर रोडवर राहणाऱ्याला खड्डा समजावून सांगावा लागत नाही. पण २०२४ च्या लोकसभेआधी पथकातल्याच काहींनी आक्षेप घेतला. त्यांचं म्हणणं होतं की खड्डा म्हटलं की कोणीतरी जबाबदार धरला जातो, आणि जबाबदार नेहमी सत्तेत असलेलाच असतो. म्हणजे पक्षाचं नाव न घेताही गाणं एका बाजूला झुकतं. याच न्यायाने ‘बदल घडवू’ हे शब्द विरोधकांचे ठरतात आणि ‘विकासाला साथ देऊ’ हे सत्ताधाऱ्यांचे.

या आक्षेपाला कायद्याचाही आधार होता. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ नुसार मतदान संपण्याच्या वेळेआधीच्या ४८ तासांत संगीताचा कार्यक्रम किंवा नाट्यप्रयोग करून निवडणूकविषयक मजकूर पसरवता येत नाही. निकालावर परिणाम करण्याच्या हेतूने केलेला मजकूर तो निवडणूकविषयक, अशी त्याची व्याख्या आहे. आता ठाण्याचं उदाहरण घेऊ. लोकसभेचं मतदान सोमवारी, २० मे २०२४ ला संध्याकाळी सहाला संपणार होतं. म्हणजे शनिवारी, १८ तारखेला संध्याकाळी सहाला शांतता काळ सुरू झाला. आणि तलावपाळीवर सगळ्यात जास्त माणसं असतात ती रविवारी संध्याकाळी. ‘रांग लावा, मत द्या’ एवढंच म्हणणारं गाणं त्या व्याख्येत बसत नाही, ते रविवारीही गाता येतं, असा युक्तिवाद करता येतो. खड्ड्याचं कडवं असेल तर तो युक्तिवाद लंगडा पडतो. रविवारची संध्याकाळ हवी असेल तर खड्डा सोडा, असा तो सरळ हिशेब होता.

विरुद्ध बाजूनेही ठामपणे बोललं गेलं. तक्रार काढली तर उरतं काय? सुट्टी आणि मिसळ. माणूस मत द्यायला जातो तो काहीतरी बोचतं म्हणून. ते बोचणंच गाण्यातून काढलं तर ती दवंडी होते, पथनाट्य होत नाही. मला हे म्हणणं आजही जास्त वजनदार वाटतं. तरीही २०२४ पुरता खड्डा गाळला गेला तो निर्णय बरोबरच होता. कारण गल्लीतला खड्डा हा खासदाराचा विषयच नाही. लोकसभेच्या गाण्यात तो गायला तर मतदाराला चुकीच्या दारी पाठवल्यासारखं होतं.

त्याच्या जागी गावी जाणाऱ्यांना चिमटा काढणारं कडवं आलं: मे महिन्यात गावाला पळतोस, बोटाला शाई कुठली? ते फसलं. तुर्भे, कोपरखैरणे भागातले माथाडी कामगार बहुतेक सातारा-सांगलीकडचे. त्यांच्यातल्या कितीतरी जणांचं नाव गावच्या यादीत असतं आणि ते गावी जातात ते मत द्यायलाच. ज्याला गाण्यात टोमणा मारला तो खरं तर रात्रभर एसटीने प्रवास करून मतदान करणारा निघाला. तिथे हे कडवं ऐकून हसण्याऐवजी लोक गप्प होत. ते पुढे वगळलं गेलं.

खड्डा परत आला तो महापालिकेच्या निवडणुकीत, आणि परत आणण्याचं कारण नेमकं होतं. नवी मुंबईच्या नगरसेवकांची मुदत २०२० च्या मे महिन्यात संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. त्यानंतर १५ जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत दोन्हीकडे प्रशासकाचा कारभार होता. खड्डा दाखवायला समोर नगरसेवकच नव्हता, तर खड्डा कुणाच्या विरोधात जाणार? दोन्ही बाजूंना पटलेली ओळ अशी झाली:

खड्डा दाखवू कुणाला बाई, नगरसेवकच नाही
आपला माणूस सभेत पाठव, बस झाली घाई-घाई!

दुसरी ओळ यमकासाठी ताणलेली आहे, पण पहिलीला दर वेळी दाद मिळाली. नवी मुंबईत तर ती जास्तच लागू होती. तिथलं आधीचं मतदान एप्रिल २०१५ चं. तेव्हा सतरा वर्षांचा असलेला मुलगा २०२६ ला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा झाला, आणि त्याने महापालिकेसाठी एकदाही मत दिलेलं नव्हतं.

याच निवडणुकीने धृपदही बदललं. २०१५ ला नवी मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडला जायचा. आता प्रभाग चार जागांचे झाले. ठाण्यात २०१७ लाच चारचा प्रभाग होता, त्यामुळे ठाणेकरांना ते नवं नव्हतं. ‘एक बोट, एक मत’ ही जुनी आरोळी नवी मुंबईत सरळ चुकीची ठरली, म्हणून तिथलं धृपद असं झालं:

चला रं दादा, चला गं ताई, बटणं दाबूया चार
शाई बोटाला लागली की मग गाठू सागर विहार!

नाटकात याचा एक छोटा प्रसंग बसवला आहे. एक मुलगी यंत्र होऊन हात पसरून उभी राहते. काका येतात, ‘अ’ जागेचं एक बटण दाबतात आणि निघतात. यंत्र गप्प. केंद्रावरचा कर्मचारी त्यांना हाक मारून परत आणतो. ‘ब’ दाबतात, यंत्र गप्पच. काका वैतागून एकाच जागेवर दोनदा दाबू बघतात, ते होत नाही. ‘क’ मधला कुणी पसंत नाही म्हणतात, तर मुलगी डोळ्यांनीच खालचं ‘नोटा’ दाखवते. ‘ड’ दाबल्यावर ती लांब ‘पीऽऽऽ’ करते आणि सगळं पथक धृपद उचलतं. चारही जागांसाठी बटण दाबेपर्यंत मतदान पुरं होत नाही, हे पत्रक वाचून जितकं कळतं त्याहून लवकर या ‘पीऽऽऽ’ने कळतं. दोन्ही शहरांत एकेक प्रभाग तीनच जागांचा आहे: ठाण्यात ३३ प्रभागांतून १३१ नगरसेवक, नवी मुंबईत २८ मधून १११. तिथे ‘चार’ म्हणता येत नाही, म्हणून मिसळीचंच धृपद गायलं जातं. मिसळ हे आमिष वाटेल, अशी शंकाही एकदा निघाली होती. त्यावर ‘आपल्याच पैशानं’ हे दोन शब्द ओरडून जोडले जातात, आणि ते लोकांना गाण्याहून जास्त आवडतात.

शेवटचा बदल नाव नोंदणीच्या कडव्याचा. ‘अठरा झाली? नाव नोंदव’ हे कडवं डिसेंबर २०२५ मध्ये कॉलेजच्या फाटकाशी गायलं असतं, तर ते मुलांना फसवणारं ठरलं असतं. महापालिकेसाठी १ जुलै २०२५ ची विधानसभेची यादी धरली होती. ५ जुलैला अठरा पूर्ण झालेल्या मुलीने तेव्हा अर्ज भरला तरी जानेवारीत तिला मत देता येणार नव्हतं. म्हणून निवडणूक जाहीर झाल्यावर ते कडवं बंद होतं आणि त्याऐवजी हे गायलं जातं:

ऊठ दादा, ऊठ ताई, ऊन व्हायच्या आधी
केंद्र आपलं कुठल्या शाळेत, बघून घे ती यादी!

नोंदणीचं कडवं आता निवडणूक नसताना गायचं ठरलं आहे. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चार अर्हता तारखांच्या आसपास, सोबत नमुना ६ चे अर्ज घेऊन.