वीज परतल्यानंतरचा यंत्रारंभ (पीएलसी)

चालू यंत्राची वीज मध्येच गेली आणि काही वेळाने परत आली, तर पीएलसीने, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाने, पहिल्या क्षणी काय करायचे, आधीचे काय लक्षात ठेवायचे, काय पुसून टाकायचे आणि यंत्राला सुरक्षित ठिकाणी कसे आणायचे, हे ठरवणारी नियंत्रणपद्धती. या नोंदीत ती मित्सुबिशीच्या एफएक्स३यू पीएलसीवर चालणाऱ्या, एका स्पिंडलच्या ड्रिलिंग एसपीएमच्या, म्हणजे एकाच कामासाठी बनवलेल्या खास यंत्राच्या, उदाहरणाने मांडली आहे. तत्त्वे इतर पीएलसींनाही लागू पडतात, फक्त पत्ते बदलतात. सीमेन्सच्या एस७ मालिकेत आरंभाचे काम OB100 हा ब्लॉक करतो, एफएक्समध्ये ते M8002 या बिटावर लिहिले जाते.

पुशबटणाचा साधा मोटर स्टार्टर या बाबतीत आपोआप शहाणा असतो. लाइट गेली की काँटॅक्टर सुटतो, त्याचा होल्डिंग काँटॅक्ट उघडतो आणि लाइट आली तरी कोणीतरी हिरवे बटण दाबेपर्यंत मोटर बंदच राहते. बटणाच्या जागी फिरवायचा स्विच बसवला की हा गुण गेला, कारण स्विच 'चालू'वरच असतो आणि वीज येताच मोटर फिरू लागते. पीएलसीच्या प्रोग्रॅममध्ये अशा फिरत्या स्विचसारखी वागणारी जागा म्हणजे लॅच मेमरी, वीज गेली तरी टिकणारी. वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याने धोका होत असेल तर तसे होऊ देऊ नये, ही अट यंत्रांच्या विद्युत सुरक्षेच्या आयईसी ६०२०४-१ या मानकात आहे.

लॅच मेमरी : M हे चालू-बंदचे बिट आणि D हे आकडे ठेवण्याचे रजिस्टर. एफएक्स३यूमध्ये M0 ते M499 आणि D0 ते D199 वीज गेल्यावर शून्य होतात. M500 व D200 पासून पुढचे पत्ते बॅटरीवर टिकतात. D512 पासून पुढचे तर पॅरामीटर बदलूनही न टिकणारे करता येत नाहीत. सायकलची पायरी दाखवणाऱ्या स्टेप रिलेंमध्ये S500 ते S899 टिकणारे आहेत. आउटपुट, म्हणजे Y, कधीच टिकत नाही. त्यामुळे आउटपुट शून्य झाले म्हणजे यंत्र गप्प बसेल, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. Y ज्याच्यावर अवलंबून आहे तो M किंवा S टिकलेला असेल, तर पहिल्याच स्कॅनमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या पहिल्याच फेरीत, Y पुन्हा चालू होतो.

म्हणून काय टिकवायचे याची यादी छोटीच असावी. उत्पादनाची मोजणी, ड्रिलचे आयुष्य, रेसिपीचे आकडे आणि वीज गेली तेव्हाची पायरी एवढे पुरते. ऑटो मोड, सायकल स्टार्ट, 'मोटर चालू' असे बिट आणि पायऱ्यांचे स्टेप रिले टिकाऊ पत्त्यांवर कधीच ठेवू नयेत. आणखी एक सवय लावून घेण्यासारखी आहे: होमिंग म्हणजे स्लाइड सुरुवातीच्या जागी आणणे, त्यासाठी 'होमिंग बाकी आहे' असा बिट न करता 'होमिंग झाले आहे' असा करावा. मेमरी कोणत्याही कारणाने कोरी झाली तरी शून्याचा अर्थ 'हलू नको' असाच निघतो.

आरंभाचा प्रोग्रॅम : M8002 हा बिट पीएलसी रनमध्ये आल्यावर फक्त पहिल्या स्कॅनपुरता चालू असतो. पुढील ओळी प्रोग्रॅमच्या अगदी सुरुवातीला असाव्यात.

```
LD   M8002
AND> D600 K0
MOV  D600 D610
LD   M8002
RST  D600
LD   M8000
OUT  T0 K20
LDI  T0
OUT  M8034
```

D600 मध्ये चालू पायरीचा आकडा असतो, प्रत्येक पायरी तो स्वतः लिहिते आणि सायकल संपली की तो शून्य होतो. वीज परतल्यावर तो D610 मध्ये उतरवला जातो. दुसऱ्या ओळीतली 'शून्यापेक्षा मोठा' ही अट वरवर फालतू वाटते, पण ती काढली तर यंत्रणा नेमकी आपल्याकडे फसते. लाइट येते, पाच सेकंदांत पुन्हा जाते आणि मग कायमची येते, हे नेहमीचे आहे. पहिल्या येण्यात पायरी ४ नोंदली जाते आणि D600 शून्य होतो. दुसऱ्या येण्यात तो शून्य D610 वर चढतो आणि ड्रिल जॉबमध्ये अडकलेले असताना पॅनेल 'सर्व ठीक' म्हणते. अट ठेवली की D610 फक्त ऑपरेटरने संदेश मान्य केल्यावरच पुसला जातो.

शेवटच्या चार ओळी पहिली २ सेकंदे सगळी बाह्य आउटपुट बंद ठेवतात. M8034 चे कामच ते आहे. एवढे थांबण्याचे कारण लिमिट स्विचना वीज देणारा २४ व्होल्टचा एसएमपीएस. तो पीएलसीच्या मागून जागा झाला तर पहिले काही स्कॅन सगळे लिमिट स्विच उघडे दिसतात आणि त्या खोट्या चित्रावर प्रोग्रॅम निर्णय घेतो.

जुन्या यंत्रांत S500 च्या पुढच्या स्टेप रिलेंवर बांधलेली सायकल सापडते. ती M8002 ने पुसायची असेल तर ZRST S500 S899 ही ओळ सर्वांत वरच हवी. तळाशी लिहिली तर पुसण्याआधी त्या पायरीचा Y हिशेबात आलेला असतो आणि एका स्कॅनपुरता चालू होतो. डिटेंटच्या, म्हणजे ढकलला त्या बाजूलाच राहणाऱ्या, व्हॉल्व्हला अशी झटक्याची आज्ञाही घातक ठरू शकते. खरा उपाय म्हणजे सायकल S20 च्या पुढे, न टिकणाऱ्या पत्त्यांवर नेणे.

उदाहरण : सायकलच्या पायऱ्या अशा आहेत: १ क्लॅम्प, २ स्पिंडल सुरू, ३ स्लाइड जलद पुढे, ४ फीड, ५ स्लाइड मागे, ६ क्लॅम्प मोकळा. क्लॅम्प आणि स्लाइड हायड्रॉलिक आहेत. क्लॅम्पचा व्हॉल्व्ह दोन सोलेनॉइडचा, डिटेंटचा आहे, म्हणजे वीज गेली तरी तो आहे त्या बाजूला राहतो, आणि त्याच्या पुढचा चेक व्हॉल्व्ह दाब धरून ठेवतो. स्लाइडचा व्हॉल्व्ह तीन स्थितींचा असून मधल्या स्थितीत तेलाचा मार्ग बंद असतो. इथे एका सोलेनॉइडचा, स्प्रिंगने 'मागे' जाणारा व्हॉल्व्ह स्वस्त पडतो, पण मग पंप सुरू करताच स्लाइड स्वतःहून हलते आणि न फिरणारे ड्रिल छिद्रातून ओढले जाते. खाचांत कीस असला तर कार्बाइड ड्रिल मोडते.

पायरी ४ मध्ये, ड्रिल जॉबमध्ये असताना वीज गेली असे धरू. पंप आणि स्पिंडलचे काँटॅक्टर सुटतात. स्लाइड जागच्या जागी थांबते, स्पिंडल काही सेकंद स्वतःच्या वेगाने फिरून थांबते, जॉब क्लॅम्पमध्येच राहतो. वेळ जाईल तसा क्लॅम्पचा दाब गळतीने उतरत जातो.

वीज परतल्यावर २ सेकंदांनी, पंप सुरू करण्याच्या आधी, प्रोग्रॅमने क्लॅम्पचा प्रेशर स्विच X6 वाचून नोंदवावा. ही वेळ महत्त्वाची आहे. व्हॉल्व्ह क्लॅम्पच्याच बाजूला असल्यामुळे पंप सुरू झाला की दाब पुन्हा चढतो, X6 चालू होतो आणि मधल्या काळात जॉब सैल झाला होता का, हे कळायला मार्ग राहत नाही. त्याच कारणाने पंप सुरू होताना क्लॅम्प परत आवळला जातो. तिथे बोट असेल तर काय होईल हे वेगळे सांगायला नको. म्हणून गार्ड बंद असल्याशिवाय आणि सेफ्टी रिले हाताने रिसेट केल्याशिवाय पंपाच्या काँटॅक्टरला वीजच मिळू नये. हे वायरिंगने साधावे, प्रोग्रॅमवर सोडू नये. रिसेटचे बटण फक्त परवानगी देते, यंत्र त्याने सुरू होता कामा नये.

स्क्रीनवर संदेश हवा: 'पायरी ४ वर वीज गेली, स्लाइड होमवर नाही'. ऑपरेटर पंप सुरू करतो आणि होमचे बटण दाबून धरतो. आधी X6 तपासला जातो. तो चालू असेल तरच स्पिंडल सुरू होते, वेग धरते आणि मग स्लाइड हळू वेगाने होम लिमिट स्विच X4 वर येते. बटण सोडले की हालचाल थांबते. स्लाइड होमवर आली, स्पिंडल थांबली, की 'होमिंग झाले' हा M10 चालू होतो. क्लॅम्प मात्र आपोआप उघडत नाही, ऑपरेटर वेगळ्या बटणाने उघडतो. M10 चालू आणि D610 शून्य असल्याशिवाय ऑटो सायकल सुरू होत नाही.

अर्धवट जॉबचा निर्णय नोंदवलेल्या X6 वर होतो. दाब टिकला होता तर त्याच पकडीत छिद्र पूर्ण करता येते. टिकला नव्हता तर जॉब बाजूला काढून तपासायचा, कारण तो किंचित सरकला असेल तर नवे छिद्र जुन्याच्या रेषेत बसत नाही. 'थांबले तिथून पुढे चालू' ही सोय मिक्सर किंवा भट्टीसारख्या प्रक्रियेत उपयोगी आहे, इथे नाही. टॅपिंगला तर वरचा क्रमही चालत नाही. तिथे स्पिंडल उलटी फिरवत, पेचाच्या आट्यांशी मेळ राखूनच टॅप बाहेर काढावा लागतो. स्लाइड उभी असेल तर ती वजनाने खाली न घसरण्यासाठी ब्रेक किंवा काउंटरबॅलन्स व्हॉल्व्ह वेगळा लागतो.

क्षणिक झोका : पूर्ण अंधारापेक्षा अर्धवट झोका जास्त फसवा असतो. एफएक्स३यू सुमारे १० मिलिसेकंदांची खंडितता सोसून चालूच राहतो आणि नुसता व्होल्टेज उतरला तर त्याला पत्ताही लागत नाही. काँटॅक्टर मात्र सुटू शकतो, कारण मानकानुसार त्याची कॉइल दर्शनी व्होल्टेजच्या ७५ ते २० टक्क्यांमध्ये कुठेही सोडू शकते. मग स्पिंडल मंदावते, M8002 येत नाही आणि फीड सुरूच राहते. स्पिंडलच्या काँटॅक्टरचा सहायक काँटॅक्ट इनपुटला जोडून, आउटपुट चालू असताना तो अर्धा सेकंद उघडा दिसला तर फीड थांबवणे आणि M10 पुसणे, हा त्यावरचा उपाय. कारणाविना ड्रिल मोडण्याच्या तक्रारी येत असतील तर आधी हे इनपुट आहे का ते पाहावे.

बॅटरी : एफएक्स३यूमध्ये FX3U-32BL ही ३ व्होल्टची लिथियम बॅटरी असते. मेमरी कॅसेट नसेल तर केवळ आकडेच नव्हे, प्रोग्रॅमही तिच्यावरच टिकतो. बॅटरी उतरली की BATT हा दिवा लागतो आणि M8005 चालू होतो. हा बिट स्क्रीनवर आणावा, कारण बंद पॅनेलमधला दिवा कोणी पाहत नाही. दिवा लागल्यापासून साधारण महिनाभर वेळ मिळतो. वीज असताना मेमरीला बॅटरी लागत नाही, त्यामुळे मेलेली बॅटरी रोजच्या चालण्यात लपून राहते. पिंपरी-भोसरी पट्ट्यात गुरुवारच्या सुट्टीला मेन स्विच बंद होतो आणि शुक्रवारी सकाळी पीएलसी कोरा निघतो, तो यामुळे.

बदलताना आधी प्रोग्रॅम आणि D चे आकडे दोन्ही लॅपटॉपवर उतरवून घ्यावेत. प्रोग्रॅम घेतला आणि रेसिपी राहिली, असे फार वेळा होते. मग वीज बंद करून जुनी बॅटरी काढल्यापासून २० सेकंदांत नवी जोडावी, तेवढा वेळ आतला कपॅसिटर मेमरी सांभाळतो. कॅसेट असेल तर प्रोग्रॅम वाचतो, पण आकडे जाऊ शकतात. ते ओळखण्यासाठी D699 मध्ये 12345 सारखा ठरावीक आकडा ठेवून आरंभी तपासावा. जुळला नाही तर रेसिपी पुन्हा भरेपर्यंत ऑटो बंद.

चाचणी : जॉब न लावता, सहाही पायऱ्यांत एकेकदा मेन स्विच पाडून १० सेकंदांनी चढवावा. नंतर स्विच चढवून पाच सेकंदांत परत पाडावा आणि पुन्हा चढवून D610 पाहावा. तिसऱ्या फेरीत मेन चालू ठेवून फक्त २४ व्होल्टचा एमसीबी पाडावा. ही फेरी बहुतेक वेळा राहून जाते, आणि लिमिट स्विच नाहीसे झाले तरी आउटपुट चालू ठेवणारा प्रोग्रॅम तिच्यातच पकडला जातो.