आकाशाचा रंग : दुपारचा निळा, मावळतीचा तांबडा

सूर्यप्रकाश हवेतून येताना नायट्रोजन व ऑक्सिजनच्या रेणूंवर आदळून चहूकडे विखुरतो, याला प्रकाशाचे विकिरण म्हणतात. रेणू प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा फारच लहान असल्याने आखूड लहरी जास्त विखुरल्या जातात. हे प्रमाण लॉर्ड रॅले यांनी 1871 मध्ये मांडले. विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. त्यामुळे 450 नॅनोमीटरचा निळा प्रकाश 650 नॅनोमीटरच्या तांबड्याच्या चौपटीहून अधिक विखुरतो. दुपारी सूर्याकडे पाठ करून वर पाहिले, तर डोळ्यांत येतो तो हाच विखुरलेला प्रकाश. जांभळा याहूनही अधिक विखुरतो, पण सूर्यप्रकाशात तो कमी असतो आणि आपला डोळाही त्याला मंदच प्रतिसाद देतो.

संध्याकाळी नियम बदलत नाही, वाट लांबते. मुंबईत मेच्या मध्यावर भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. तेव्हा हवा अगदी स्वच्छ धरली, तर शंभरातले सुमारे 80 भाग निळा आणि 95 भाग तांबडा प्रकाश सरळ खाली पोचतो. म्हणून सूर्य पांढराच दिसतो. तोच सूर्य समुद्राला टेकला की किरणांना जवळपास 38 पट हवा ओलांडावी लागते. आता तांबड्यातले शंभरात 15 भाग उरतात, तर निळ्याचे दहा हजारांत जेमतेम दोन. निळा वाटेतच इतरत्र पांगलेला असतो. क्षितिजाजवळची हवा आणि ढगांच्या खालच्या कडा या उरलेल्या प्रकाशानेच उजळतात, म्हणून केशरी होतात. डोक्यावरचे आकाश मात्र तिन्हीसांजेलाही निळेच राहते. त्यात मोठा वाटा ओझोनचा आहे, कारण तो तिरप्या किरणांतला नारिंगी-पिवळा भाग शोषून घेतो.

‘धुळीमुळे सूर्यास्त लाल होतो’ हे अर्धेच खरे. जाडसर धूलिकण व पाण्याचे थेंब सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात आणि आकाश पांढुरके करतात. दाट धुरक्यात सूर्य फिकट चकतीसारखा होऊन क्षितिजाला टेकण्याआधीच विरतो. पावसाने हवा धुऊन निघाल्यावर रंग खुलतात, ते याचमुळे. सूक्ष्म कणांची गोष्ट वेगळी. 1883 मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर वातावरणाच्या वरच्या थरात असे कण पसरले आणि दूरदूरच्या देशांत कित्येक महिने भडक सूर्यास्त दिसले.

घरी पाहायचे तर काचेच्या उभ्या भांड्यात पाणी घेऊन दुधाचे दोन-चार थेंब ढवळावेत आणि अंधारात एका बाजूने पांढरी विजेरी लावावी. कडेने पाहिल्यास पाणी निळसर दिसते, समोरच्या टोकातून विजेरी पिवळट-नारिंगी. दूध जास्त झाले तर दोन्हीकडून नुसता पांढरा गढूळपणा दिसतो.