नमुना मोठा, म्हणून अभ्यास खरा?

“हजारो लोकांवर केलेला अभ्यास आहे, म्हणजे निष्कर्ष पक्काच.”

असं वाटणं स्वाभाविक आहे, कारण नमुना वाढला की योगायोगाने होणारी चूक खरंच कमी होते. पूर्वग्रह, म्हणजे एकाच दिशेने होणारी पद्धतशीर चूक, मात्र तसाच राहतो.

समजा, १०,००० परिचारिकांना थकव्याबद्दल प्रश्नावली पाठवली. प्रत्यक्षात ४,००० जणी थकलेल्या आहेत, म्हणजे ४० टक्के. विषय जिव्हाळ्याचा, म्हणून त्यांतल्या २,००० जणींनी उत्तर दिलं; उरलेल्या ६,००० पैकी फक्त १,००० जणींनी. लेखात छापून येईल: ३,००० उत्तरं, ६७ टक्के थकलेल्या. विश्वास-अंतराल, म्हणजे खरा आकडा जिथे असावा तो अंदाजे पट्टा, अगदी अरुंद, दोन्ही बाजूंना जेमतेम दोन टक्के. आकडा नेमका दिसतो, पण साफ चुकलेला असतो. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या ३०० जणींपैकी जवळजवळ सगळ्यांनी उत्तर दिलं असतं, तर तो ४० च्या बराच जवळ आला असता.

असाइनमेंटसाठी लेख वाचताना म्हणूनच आधी ‘पद्धती’ हा भाग उघडा (सारांशात हे नेहमीच सापडतं असं नाही). किती जणांना विचारलं, किती जणांनी उत्तर दिलं? इथे प्रतिसाद ३० टक्केच आहे. कमी प्रतिसाद म्हणजे पूर्वग्रह असतोच असं नाही. उत्तर न देणारे वेगळे होते का, हे लेखकांनी वय, विभाग, अनुभव यांवर तपासलंय का, ते बघा.