जलयोजन कवच आणि पाण्याची विद्रावकता

पाण्यात विरघळलेल्या आयनाभोवती किंवा रेणूभोवती पाण्याच्या रेणूंचा जो जवळचा थर तयार होतो, त्याला जलयोजन कवच म्हणतात. मीठ व साखर पाण्यात का विरघळतात आणि तेल का विरघळत नाही, याचे उत्तर हे कवच कसे बनते आणि ते बनताना पाण्याच्या आपसांतील हायड्रोजन बंधांचे काय होते, यात आहे.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या बाजूला अंशतः ऋण भार व दोन्ही हायड्रोजनांकडे अंशतः धन भार असतो. त्यामुळे एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. हाच हायड्रोजन बंध. तो तोडण्यास मोलामागे सुमारे २० किलोजूल ऊर्जा लागते, तर रेणूतील ऑक्सिजन–हायड्रोजन बंधास सुमारे ४६०. द्रव पाण्यात हे बंध पिकोसेकंदांच्या अवधीत तुटतात व पुन्हा जुळतात. या कल्पनेच्या जनकत्वाविषयी मतभेद आहेत. मूर व विनमिल यांनी १९१२ मध्ये अमाइनांच्या जलीय विद्रावांच्या संदर्भात अशा दुव्याचा उपयोग केला होता. लॅटिमर व रोडबुश यांच्या १९२० च्या लेखात तो पाण्याला लावून स्पष्टपणे मांडला आहे. मॉरिस हगिन्स यांनी त्याआधी, १९१९ च्या सुमारास, आपल्या विद्यार्थिदशेतील एका प्रबंधिकेत ती कल्पना मांडल्याचा दावा केला. लॅटिमर व रोडबुश यांच्या लेखात हगिन्स यांचा निर्देश असल्याने तो निराधार म्हणता येत नाही. तरीही द्रव पाण्याच्या गुणधर्मांचे सुसंगत स्पष्टीकरण म्हणून १९२० चा लेखच सामान्यतः आरंभबिंदू धरला जातो.

मीठ : मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडियम आयनाला सहा क्लोराइड आयनांनी वेढलेले असते. स्फटिकाच्या कोपऱ्यावरील आयनाला मात्र तीनच शेजारी असतात, म्हणून विरघळण्यास कोपरे व कडा आधी लागतात. पाण्याचे रेणू सोडियमकडे ऑक्सिजनची बाजू करून आणि क्लोराइडकडे हायड्रोजन वळवून उभे राहतात. दोन्ही आयनांभोवतीच्या पहिल्या कवचात साधारणपणे सहाच्या आसपास रेणू असतात. सोडियमच्या बाबतीत मोजणीच्या पद्धतीनुसार हा आकडा पाचच्या जवळही येतो. शिवाय पाण्यातील दोन भारांमधले आकर्षण निर्वातातील आकर्षणाच्या सुमारे ८० व्या भागाइतकेच उरते, त्यामुळे सुटलेले आयन सहज परत जुळत नाहीत.

पाणी आयनांना ओढून घेते म्हणून मीठ विरघळते, हे उत्तर मात्र अपुरे आहे. एक मोल मिठाचा, म्हणजे ५८.५ ग्रॅमचा, स्फटिक मोडून आयन पूर्ण सुटे करण्यास सुमारे ७८७ किलोजूल लागतात. कवचे बनताना यापेक्षा किंचित कमीच ऊर्जा परत मिळते आणि सुमारे ४ किलोजूलांची तूट राहते. एक लिटर पाण्यात एवढे मीठ ढवळले तर पाणी सुमारे एक अंशाने, किंवा त्याहून थोडे कमी, थंड होते. बारीक अंशांकन असलेल्या तापमापीने आणि उष्णता आत येऊ न देणाऱ्या भांड्यात हे पाहता येते. ही तूट भरून निघते ती एंट्रॉपीच्या, म्हणजे कणांच्या विस्कळीतपणाच्या मापाच्या, वाढीने. स्फटिकात जागेवर बांधलेले आयन आता सबंध विद्रावात कोठेही असू शकतात. सिल्व्हर क्लोराइडमध्येही एकेरी भाराचेच आयन असतात, पण त्याच्या बाबतीत ऊर्जेची तूट बरीच मोठी असल्याने एंट्रॉपी ती भरून काढू शकत नाही व ते जवळजवळ अविद्राव्य राहते.

साखर : साखरेचे आयन होत नाहीत, म्हणून तिच्या विद्रावातून वीज वाहत नाही. तिच्या रेणूवर ऑक्सिजन–हायड्रोजनचे आठ गट असतात. स्फटिकात ते एकमेकांशी हायड्रोजन बंधांनी जोडलेले असतात. पाणी त्या बंधांच्या जागी जवळपास तितक्याच बळाचे स्वतःचे बंध देते, आणि पाण्याचे जाळे साखरेच्या रेणूतून पुढे चालू राहते.

कवचाला पाणी पुरले नाही म्हणजे काय होते, हे संपृक्त विद्रावाच्या हिशोबात दिसते. खोलीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ किंवा सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. रेणूंत मोजल्यास मिठाच्या प्रत्येक आयन-जोडीमागे पाण्याचे नऊ रेणू येतात, आणि साखरेच्या प्रत्येक रेणूमागेही नऊ-दहाच. मिठाच्या दोन आयनांना स्वतंत्र कवचांसाठी अकरा-बारा रेणू लागले असते. म्हणजे संपृक्ततेपूर्वीच आयनांना पाण्याचे रेणू वाटून घ्यावे लागतात, आणि काही आयन थेट एकमेकांना टेकतात. दोन्ही पदार्थांचे आकडे इतके जवळ येणे हा बहुधा योगायोग असावा. उकळत्या पाण्यात साखरेची विद्राव्यता दुपटीहून अधिक होते, मिठाची मात्र जेमतेम वाढते. पाक इतका दाट करता येतो तो यामुळेच.

तेल : तेल व पाणी एकमेकांना दूर लोटतात हा समज चुकीचा आहे. दोहोंच्या रेणूंमध्ये क्षीण पण खरे आकर्षण असते. अडचण कोठे आहे ते तेलाच्या लांब साखळ्यांपेक्षा ब्यूटेनसारख्या लहान हायड्रोकार्बनात स्वच्छ दिसते. २५° से. ला द्रव ब्यूटेनमधून एक मोल ब्यूटेन पाण्यात नेल्यास सुमारे ४ किलोजूल उष्णता बाहेर पडते. म्हणजे ऊर्जेच्या दृष्टीने ही क्रिया किंचित अनुकूलच आहे. पण एंट्रॉपी घटते, आणि ऊर्जेच्या हिशोबात त्या घटीची किंमत सुमारे २९ किलोजूल पडते. एकूण प्रतिकूलता सुमारे २५ किलोजूल. परिणामी ब्यूटेनचा एक रेणू मावण्यास पाण्याचे जवळपास २० हजार रेणू लागतात.

एंट्रॉपी का घटते, हा वादाचा मुद्दा आहे. फ्रँक व एव्हान्स यांनी १९४५ मध्ये असे सुचविले की, अध्रुवीय, म्हणजे अंशतः धन व ऋण अशा बाजू नसलेल्या, रेणूभोवती पाणी सूक्ष्म हिमखंडासारखी रचना धारण करते. हायड्रोकार्बनाशी बंध जुळत नसल्याने पाण्याचे रेणू आपले बंध वाचवण्यासाठी त्याच्याभोवती ठरावीक दिशांनीच वळतात. कौझमन यांनी १९५९ मध्ये हीच जलविरोधी प्रवृत्ती प्रथिनांच्या घडीशी जोडली. पुढे न्यूट्रॉन विवर्तनाच्या अभ्यासांत बर्फासारखी ठळक रचना आढळली नाही. काही अभ्यासकांनी खरे कारण पोकळी निर्माण करण्याचे मूल्य हे मानले : पाण्याचा रेणू लहान असल्याने त्याच्यात मोठी मोकळी जागा आपोआप निघणे दुर्मीळ असते. रेझुस व बाकर यांच्या २००७ च्या अवरक्त प्रयोगांत जलविरोधी गटांजवळील काही रेणूंचे वळणे मंदावलेले दिसले, आणि जुन्या मताला काहीसा आधार मिळाला. शब्दशः हिमखंड मानण्यापेक्षा वळण्याचे स्वातंत्र्य घटलेला थर मानणे अधिक ग्राह्य दिसते. पोकळीचे मूल्य त्याला पर्याय नसून जोडीला आहे.

तापमानाचा परिणाम या मताशी जुळतो. बेंझिनासारख्या द्रव हायड्रोकार्बनांची पाण्यातील विद्राव्यता खोलीच्या तापमानाजवळ सर्वांत कमी असते आणि थंड वा गरम केल्यास किंचित वाढते. तापविताना कवचातील शिस्त ढासळते व एंट्रॉपीची घट कमी होत जाते. सुमारे ११०° से. ला ती जवळपास शून्यावर येते, तरीही हायड्रोकार्बन पाण्यात मिसळत नाही, कारण तोवर ऊर्जेची बाजू प्रतिकूल झालेली असते.

खाद्यतेलाच्या रेणूत ऑक्सिजनचे सहा अणू असतात आणि तेवढ्या जागी पाणी बंध जोडू शकते. तथापि तीन लांब हायड्रोकार्बन साखळ्यांपुढे ते पुरेसे ठरत नाही.