दाढ काढल्यावर तिसऱ्या दिवशी दुखणं वाढतं तेव्हा

समजा, इतवारीतल्या एका दुकानात काम करणारा चोवीस वर्षांचा मुलगा आहे. खालच्या जबड्यातली अक्कलदाढ आडवी होऊन पुढच्या दाढेला टेकली आहे आणि निम्मी हिरडीखालीच आहे. हिरडीच्या त्या झाकणाखाली अन्न अडकतं, दर दोन-तीन महिन्यांनी सूज येते, तोंड पुरतं उघडत नाही. एक्स-रेत पुढच्या दाढेच्या मागच्या बाजूलाही कीड दिसते. अशी दाढ काढायलाच हवी, नाहीतर चांगली दाढही हातची जाते. मात्र काहीच त्रास न देणारी, हाडात गप्प असलेली दाढ उगाच काढू नये, असं माझं मत आहे. ब्रिटनमध्ये 2000 सालापासून मार्गदर्शक सूचनाही हेच सांगते.

दाढ काढली की खड्ड्यात रक्त साठून त्याची गाठ बनते. उघड्या हाडावरचं आणि नसांवरचं पांघरूण तीच, आणि नवी पेशीजालंही तिच्यातूनच वाढतात. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, मग ओसरते. टाके साधारण आठवड्याने निघतात, हिरडी दोन-तीन आठवड्यांत भरते, हाडाला मात्र काही महिने लागतात.

आता या मुलाचं दुखणं पहिल्या दोन दिवसांत कमी होत आलं होतं. तिसऱ्या दिवशी ते उलट वाढलं, कानापर्यंत ठणका लागला, तोंडाला घाण वास आणि चव आली, गोळीनेही आराम पडेना. गाठ विरघळली किंवा निघाली आणि हाड उघडं पडलं, यालाच ड्राय सॉकेट म्हणतात. वरच्यापेक्षा खालच्या अक्कलदाढेत हे जास्त होतं, आणि दाढ काढायला हाड कापावं लागलं असेल तर आणखी.

आपल्याकडे इथेच खर्रा आडवा येतो. दाढ काढल्याच्या दुसऱ्या दिवशी "थोडासाच" म्हणून पुडी सोडली जाते. चघळताना आणि पिचकारी मारताना खड्ड्यावर ताण येतो, तंबाखू आणि सुपारीचा चुरा आत जातो. बिडी-सिगारेटने तर धोका स्पष्ट वाढतो. किमान आठवडाभर हे सगळं बंद ठेवा, आणि लपवू नका, डॉक्टरांना आधीच सांगा. गर्भनिरोधक गोळ्या सुरू असतील तर त्याही सांगा, कारण त्यांनीही शक्यता वाढते.

कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरा. पहिले चोवीस तास चूळ भरू नका, थुंकू नका, स्ट्रॉने काही ओढू नका, लाळ गिळा. त्यानंतर कोमट मिठाचं पाणी तोंडात घ्यायचं, हलकेच फिरवायचं आणि मान वाकवून आपोआप बाहेर पडू द्यायचं. जोरात खळखळवायचं नाही. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडीन हे तोंडासाठीचं जंतुनाशक दिलं असेल तर ते सांगितल्याप्रमाणे वापरा, त्याने ड्राय सॉकेटची शक्यता घटते.

ड्राय सॉकेट झालंच तर घरी लवंग खोचत बसू नका, औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिकही आणू नका. हा मुळात जंतुसंसर्ग नाही. डॉक्टर खड्डा सलाईनने हळुवार धुतात आणि औषधी पट्टी भरतात. ठणका बहुतेकदा त्याच दिवशी बराच उतरतो. पट्टी गरजेप्रमाणे बदलत राहावी लागते. पण ताप, पू, वाढती सूज किंवा गिळायला त्रास असेल तर ते ड्राय सॉकेट नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.